कोकणकड्यावरचं संध्याकाळचं आकाश, आणि एक्स्पोर्ट केल्यावर उमटणारे पट्टे

शलाका_द

नमस्कार मंडळी. गेल्या नोव्हेंबरात हरिश्चंद्रगडावर गेले होते. कोकणकड्यावर सूर्य बुडाल्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी काढलेला एक फोटो मनासारखा आला आहे. खाली काळा कडा, क्षितिजालगत तांबूस पट्टा आणि वर गडद होत जाणारं निळं आकाश. ढग एकही नाही. बहिणीच्या नव्या घरासाठी तो ३६ बाय २४ इंचात छापायचा आहे, आणि नेटवरही टाकायचा आहे.

अडचण अशी. रॉ फाइल १४ बिटची आहे, रंगकाम डार्कटेबलमध्ये केलं. आकाशात थोडा नॉइज होता, तो नॉइज रिडक्शन लावून पूर्ण काढला. आकाश लोण्यासारखं मऊ झालं. मग ८० क्वालिटीला जेपीजी काढली आणि उघडून बघते तर आकाशात नकाशावरच्या समोच्च रेषांसारखे पट्टे! सूर्य बुडाला त्या जागेभोवती कमानीसारखे, एकाआड एक किंचित गुलाबी आणि किंचित हिरवट. लॅपटॉपवरही दिसतात, फोनवरही दिसतात. एडिटरमध्ये अगदी बारीक नजरेने पाहिलं तरच जाणवायचे.

माझं नेमकं कुठे चुकतंय? आणि आता यातून सुटका कशी?

रानवाटा

शलाका, हे अगदी नेहमीचं आहे. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाला २५६ च छटा मिळतात, त्या आकाशाला पुरत नाहीत. उपाय सोपा आहे. एक्स्पोर्ट करताना एसआरजीबीऐवजी प्रोफोटो निवड, त्यात रंग कितीतरी जास्त असतात. आणि क्वालिटी १०० ठेव. माझे सगळे सूर्यास्त मी असेच काढतो.

नितीनकाका

हा त्रास मलाही झाला होता. भाचीच्या साखरपुड्याला हॉलमध्ये सगळे एलईडी दिवे होते, प्रत्येक फोटोत आडवे काळे-पांढरे पट्टे आले. सायलेंट शटर बंद केलं, शटर १/१०० ला आणलं आणि पट्टे गेले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शलाकाताई, तुमचं शटर किती होतं?

शलाका_द

काका, शटर दोन सेकंद होतं आणि कड्यावर दिवा म्हणजे आमची एक विजेरी, तीही बंद. माझे पट्टे सरळ आडवे नाहीत, आकाशाच्या उजेडाबरोबर वळतात. पण पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे, तेव्हा तुमचं १/१०० नक्की लक्षात ठेवीन.

रानवाटा, प्रोफोटो करून पाहिलं. फोनवर रंगच फिके पडले आणि पट्टे आणखी रुंद वाटतायत. असं का व्हावं?

छायाघर

शलाका, आधी मोजून घ्या, मग उपायाकडे वळू. जेपीजी शंभर टक्के झूमवर उघडा. कलर पिकर आकाशाच्या वरच्या टोकापासून तांबूस भागाच्या थोडं वरपर्यंत सरळ खाली नेत जा आणि तिन्ही रंगांचे आकडे लिहून काढा. एका पट्ट्यातून शेजारच्या पट्ट्यात जाताना आकडा किती बदलतो हे विशेष बघा. एकानेच बदलत असेल तर फाइल ८ बिटच्या मर्यादेला टेकली आहे, बाकी काही बिघडलेलं नाही. दोन-तीनने उडी मारत असेल तर ८ बिट झाल्यावर कुठेतरी कर्व्ह किंवा डीहेझ ओढला गेला आहे. तसं असेल तर हिस्टोग्रामही फणीसारखा दात पडलेला दिसेल.

आणखी एक. पिकरला आकडे सलग बदलताना दिसले पण डोळ्यांना पट्टेच दिसत असतील, तर दोष पडद्याचा. खिडकी थोडी सरकवून बघा. पट्टे फोटोबरोबर सरकले नाहीत तर ते मॉनिटरचे.

शलाका_द

पट्टे फोटोबरोबर सरकतात. फोटो ६००० बाय ४००० चा आहे. वरून खाली साधारण २६०० पिक्सेलमध्ये लाल ३८ वरून ९० वर गेला, हिरवा ५८ वरून ९७ वर, निळा १०४ वरून १३० वर. प्रत्येक पट्ट्याला बदल एकाचाच. हिस्टोग्रामला दात नाहीत.

छायाघर

छान मोजलंत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच आकड्यांत आहे.

लाल रंगाला २६०० पिक्सेल चढायला फक्त ५२ पायऱ्या आहेत, म्हणजे एकेक पायरी ५० पिक्सेल रुंद. निळ्याला २६ च पायऱ्या, एकेक १०० पिक्सेलची. हिरव्याची साधारण ६७ ची. तिघांच्या पायऱ्या वेगवेगळ्या जागी बदलतात. जिथे लाल एकाने वाढला पण हिरवा अजून मागच्याच पायरीवर आहे तिथे गुलाबी झाक येते, जिथे हिरवा पुढे गेला तिथे हिरवट. तुम्हाला दिसलेले गुलाबी-हिरवे पट्टे ते हेच. एका आकड्याचा फरक एरवी डोळ्याला कळत नाही. पण रेघ लांब, सलग आणि दोन्ही बाजूंना सपाट असली की डोळा ती पकडतोच.

आता रानवाटा यांच्या सल्ल्याबद्दल. २५६ छटांचं कारण त्यांनी बरोबर सांगितलं, उपाय मात्र उलटा आहे. प्रोफोटोचा आवाका मोठा, पण ८ बिटमध्ये पायऱ्या तेवढ्याच २५६. तोच कापड-ताग्याचा गज ताणून लांब केला तर खुणा एकमेकींपासून दूर जातात, तसं होतं. तुमच्या आकाशाच्या वाट्याला आणखी कमी पायऱ्या आल्या, म्हणून पट्टे रुंद झाले. फोनवर रंग फिके पडले कारण फोनने प्रोफाइल वाचलं नाही. प्रोफोटो १६ बिटमध्ये काम करताना वापरावा, ८ बिटमध्ये बाहेर काढताना एसआरजीबीच.

मूळ चूक नॉइज पूर्ण काढण्यात झाली. कॅमेऱ्याचा तो नॉइजच तुमच्या पायऱ्या लपवत होता. समजा एखाद्या जागी खरा उजेड ६४.३ आहे. नॉइज नसेल तर तिथला प्रत्येक पिक्सेल ६४ होतो, आणि ६४.५ च्या पलीकडचा प्रत्येक पिक्सेल ६५. झाली रेघ. थोडा नॉइज असेल तर दहातले साधारण सात पिक्सेल ६४ होतात, तीन ६५, आणि पुढे सरकत जाल तसं हे प्रमाण हळूहळू बदलतं. डोळा त्यांची सरासरी घेतो आणि त्याला ६४.३ च दिसतं.

म्हणून हा दाणा आकडा पूर्णांक होण्याआधी, १६ बिटमध्ये असतानाच पडायला हवा. ८ बिट झाल्यावर टाकलात तर ६४.३ चं ६४ आधीच होऊन बसलेलं असतं. रेघेवर वाळू पसरल्यासारखं होतं, खालची रेघ तशीच राहते.

ज्यांना हाताने करून बघायचं असेल त्यांच्यासाठी पायथनचा लहान तुकडा देतो. १६ बिटची एसआरजीबी टिफ घ्या.

```python
import numpy as np, tifffile
a = tifffile.imread("kada16.tif") / 257.0
r = np.random.default_rng()
n = r.random(a.shape) - r.random(a.shape)
b = np.clip(np.rint(a + n), 0, 255).astype(np.uint8)
tifffile.imwrite("kada8.tif", b, photometric="rgb")
```

दोन यादृच्छिक आकड्यांची वजाबाकी केली की उणे एक ते अधिक एक यांमधला, मध्याशी दाट आणि टोकांना विरळ असा नॉइज मिळतो. पायऱ्या मोडायला एवढा पुरतो. या फाइलीत रंगाचं प्रोफाइल उरत नाही, म्हणून टिफ आधीच एसआरजीबीत काढलेली हवी.

शलाका_द

करून पाहिलं! kada8.tif उघडली आणि विश्वासच बसेना, आकाश पुन्हा कड्यावर पाहिलं तसं. पट्टा शोधूनही सापडत नाही.

पण तिची ८० क्वालिटीला जेपीजी केली आणि पट्टे परत आले. पहिल्याइतके तलवारीच्या धारेसारखे नाहीत, पण आहेत. शिवाय कुठे कुठे छोटे चौकोन दिसतायत. मग नॉइज गेला कुठे?

छायाघर

जेपीजीने खाल्ला. ती चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला संथ बदल वेगळा, बारीक खरखर वेगळी अशी मांडणी करते. मग प्रत्येक घटकाला एका आकड्याने भागून पूर्णांक करते. आपली जुनी अडचण इथे नव्या रूपात येते. लिबजेपेगच्या नेहमीच्या तक्त्यात ८० क्वालिटीला उजेडासाठीचे हे भाजक ४ पासून ४८ पर्यंत असतात, ९५ ला १ पासून १२ पर्यंत. लहान भाजक संथ बदलाला, मोठे बारीक खरखरीला. आपला नॉइज जेमतेम एका पायरीचा. त्याला ४० ने भागून पूर्णांक केलं तर शून्यच येणार. चौकोन गुळगुळीत होतो आणि फाइल उघडताना ६४.३ चं पुन्हा ६४ होतं.

त्यामुळे टिफ किंवा पीएनजी द्यायची असेल तर वरचा नॉइज पुरेसा आहे. जेपीजीच द्यायची असेल तर दोन गोष्टी बदला. क्वालिटी ९५ किंवा वर न्या. आणि दाणा थोडा जास्त व थोडा जाडसर घ्या, दीड-दोन पिक्सेलचा. जाडसर दाण्याचा बराचसा भाग लहान भाजकांच्या वाट्याला जातो, म्हणून तो टिकतो. तिन्ही रंगांना एकच दाणा द्या. रंगीत दाणा टाकलात तर जेपीजी रंगाची माहिती आणखी जोरात कापते, त्याचा उपयोग होत नाही.

गिंप २.१० किंवा पुढची आवृत्ती असेल तर हे असं होतं. १६ बिट टिफ उघडा, Image > Precision मध्ये १६ बिट आहे ना बघा. आधी लागेल तो आकार करून घ्या. मग वर नवा लेयर, त्यात #808080 भरा. त्यावर RGB Noise, त्यातलं Independent RGB काढून टाका. मग Gaussian Blur ०.८ पिक्सेल. लेयरचा मोड Grain merge. हिस्टोग्राममध्ये या राखाडी लेयरचं Std dev बघा. ते पूर्ण पट्टीच्या सुमारे ०.८ टक्के, म्हणजे ८ बिटच्या दोन पायऱ्यांएवढं येईपर्यंत नॉइज कमीजास्त करा. कड्यावर दाणा नको असेल तर मास्क लावा. शेवटी लेयर एकत्र करून Precision ८ बिटला आणा. तिथे डिदरिंग विचारेल, Floyd-Steinberg निवडा.

आकार आधी करायला सांगतोय याचं कारण, ६००० चं २०४८ करताना जवळजवळ नऊ पिक्सेलांची सरासरी होऊन एक पिक्सेल बनतो. सरासरीत नॉइज एक तृतीयांशावर येतो, आणि बहुतेकांचे पट्टे तिथेच परत येतात. दाणा मोठ्या फोटोवर घालतात, लहान फोटो बाहेर काढतात, आणि मग दाण्याचा उपयोग होत नाही म्हणतात.

रानवाटा

प्रोफोटोचं चुकलं माझं, मान्य. सांगितल्याबद्दल आभार. आत्ताच माझे दोन जुने सूर्यास्त तपासले, त्यांतही आकाशात रुंद पट्टे आहेत. मी इतके दिवस ते धुक्याचे थर समजत होतो. रॉ फाइली आहेत, पुन्हा काढतो.

प्रथमेश_टाइमलॅप्स

माझं प्रकरण व्हिडिओचं आहे, पण दुखणं हेच. रतनगडावरून काढलेला टाइमलॅप्स, ४०० फ्रेम, सगळ्या १६ बिट टिफ. व्हिडिओ केला की आकाशात पट्टे, आणि ते उजेड उतरेल तसे रांगत खाली येतात. स्थिर फोटोपेक्षा फार वाईट दिसतं. ffmpeg चं gradfun लावलं, पण पट्टे परत येतातच. छायाघर दादा, काही सुचतं का?

छायाघर

gradfun च्या माहितीपत्रकातच लिहिलं आहे की तो फक्त बघताना वापरायचा आहे, कॉम्प्रेशनच्या आधी नाही. कॉम्प्रेशन तो दाणा काढून टाकतं आणि पट्टे परत येतात. शलाकांच्या जेपीजीत जे झालं तेच.

व्हिडिओत अडचण थोडी जास्त असते. ८ बिटमध्ये उजेडाला नेहमी १६ ते २३५ एवढीच जागा असते, म्हणजे २२० पायऱ्या. १० बिटमध्ये तीच जागा ६४ ते ९४०, म्हणजे ८७७. ज्याला पाठवणार त्याच्याकडे १० बिट चालत असेल तर सरळ तेच करा.

```
ffmpeg -framerate 25 -i k_%04d.tif -vf scale=3840:-2:out_color_matrix=bt709 \
 -c:v libx265 -pix_fmt yuv420p10le -crf 16 -colorspace bt709 -tag:v hvc1 kada10.mp4
```

८ बिटच हवं असेल तर `libx264`, `yuv420p`, आणि सोबत `-tune grain -aq-mode 3`. आणि `hvc1` चा टॅग काढा. `-tune grain` दाणा जपायला सांगतो, `-aq-mode 3` अंधाऱ्या भागाला जास्त बिट देतो. फाइल जाड होईल, त्याला इलाज नाही. दाणा मात्र प्रत्येक फ्रेमला नवा हवा. एकच दाणा सगळ्या फ्रेमवर चिकटवलात तर काचेवर धूळ बसल्यासारखं दिसतं.

मुग्धा_स

माझ्याकडे रॉच नाही. वडिलांनी २००९ साली छोट्या कॅमेऱ्याने काढलेला गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याचा फोटो, फक्त जेपीजी, आकाशात पट्टे. वडील आता नाहीत, त्यामुळे पुन्हा काढणं नाही. यातून काही वाचवता येईल का?

छायाघर

मुग्धाताई, बरंचसं वाचेल. गेलेल्या छटा परत मिळत नाहीत, पण निरभ्र आकाश मुळात संथ असतं, त्यामुळे मधल्या छटा अंदाजाने भरल्या तरी खोटं वाटत नाही.

पहिलं काम, फोटो १६ बिटमध्ये न्या. हे राहिलं तर पुढचं सगळं वाया, कारण ब्लरने तयार केलेल्या मधल्या छटा ८ बिटमध्ये लगेच पुन्हा पायरीवर बसतात. मग आकाशाची निवड करा आणि पट्टा किती पिक्सेल रुंद आहे ते मोजा. Selective Gaussian Blur चं अंतर साधारण तेवढंच ठेवा आणि Max. delta तीन पायऱ्यांएवढा, म्हणजे सुमारे ०.०१२. साधा ब्लर लावलात तर नारळीच्या झावळ्या आकाशात पसरतात आणि कडेला काळी प्रभा येते. हा ब्लर मोठा फरक दिसला की थांबतो, म्हणून झावळी शाबूत राहते. अंतर मोठं असलं की संगणक बराच वेळ घेतो, धीर धरा. नंतर वर शलाकांना सांगितला तसाच दाणा आणि मग ८ बिट.

जिथे पट्टे नाहीत, ८ बाय ८ चे चौकोन दिसतात, तिथे पट्ट्याची रुंदी धरून चालणार नाही. चौकोनाच्या दुपटीएवढं अंतर घ्या. आणि ढग असतील तर त्यांना निवडीतून वगळा. ढगांतला बारीक फरकही तीन पायऱ्यांच्या आत असतो, हा ब्लर त्यांना पुसून टाकेल. मूळ फाइलीची प्रत आधी वेगळी ठेवा.

नितीनकाका

माझा प्रश्न वेगळाच होता हे आता समजलं, तरी सगळं वाचून काढलं. एक विचारतो. छापायच्या फोटोत मुद्दाम दाणे टाकायचे म्हणजे भिंतीवर दाणेदार दिसणार नाही का? आमच्या ओळखीचे छपाईवाले तर म्हणतात आकाश जितकं गुळगुळीत तितकं चांगलं, बाकी शाई सांभाळून घेते.

छायाघर

काका, त्यात थोडं तथ्य आहे. इंकजेट मुळात शाईच्या बारीक ठिपक्यांनीच छटा बनवतो, त्यामुळे एका पायरीची रेघ कागदावर बरीच झाकली जाते. चकचकीत फोटोपेपरवर आणि गडद निळ्यात मात्र मी रेघा दिसलेल्या पाहिल्या आहेत. ६००० पिक्सेल ३६ इंचात म्हणजे इंचाला १६७ पिक्सेल. दोन पिक्सेलचा दाणा साधारण ०.३ मिलिमीटरचा होतो. हात लावायच्या अंतरावरून कदाचित जाणवेल, सोफ्यावरून नाही. पण हे कागदावरही अवलंबून आहे, मी छातीठोक सांगणार नाही. आठ इंचाची पट्टी आधी छापून बघावी.

शलाका_द

सगळं करून आले. नेटसाठी: डार्कटेबलमधून १६ बिट टिफ, गिंपमध्ये २०४८ चा आकार, राखाडी लेयरचा दाणा, ८ बिट, जेपीजी ९५, सबसॅम्पलिंग ४:४:४. फाइल ४०० केबीची १.६ एमबी झाली, पण आकाशात एकही रेघ नाही. तीच ८५ ला काढली तर डावीकडच्या गडद कोपऱ्यात दोन पट्टे पुसटसे परत आले. म्हणजे माझ्या फोटोची सीमा ८५ आणि ९५ च्या मध्ये कुठेतरी आहे.

नॉइज रिडक्शनही अर्ध्यावर आणलं. गंमत म्हणजे तेवढ्यानेच टिफमधले पट्टे जवळजवळ गेले होते. पुढच्या वेळी आकाशातला नॉइज काढताना हात आखडता घेईन.

मुद्रणासाठी दोन पट्ट्या छापायला दिल्या आहेत, एक दाण्याची आणि एक बिनदाण्याची, त्याच चकचकीत कागदावर. छपाईवाल्यांनी फक्त जेपीजी घेऊ म्हणून सांगितलं, म्हणून दोन्ही ९८ ला काढल्या. शनिवारी मिळतील. काका, तुमच्या शंकेचं उत्तर तेव्हा फोटोसकट इथे टाकते.

मुग्धा_स

माझा ब्लर अजून चालू आहे, चाळीस मिनिटं झाली. झावळ्या मात्र आत्तापर्यंत जागच्या जागी आहेत. क्षितिजाशी समुद्र आणि आकाश जवळपास एकाच रंगाचे आहेत, तिथे रेघ विरघळते आहे. तेवढा भाग निवडीतून काढून पुन्हा लावू का?

छायाघर

हो, काढा. क्षितिजाच्या वर वीस-पंचवीस पिक्सेल सोडून निवड करा आणि कडेला फेदर द्या. त्या पट्टीत थोडे पट्टे राहिले तरी चालतील, वडिलांनी टिपलेली समुद्राची रेघ राहू द्या.